उजेडाकडे गेलेली दुसरी कौशल्या

अकोल्याच्या दवाखान्यात कौशल्याचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबदाबून ते पुन्हा चालू केलं. मधल्या वेळात ती एका लांबलचक, मऊ अंधारातून तरंगत गेली. टोकाला उजेड होता, दुधासारखा, डोळे न दिपवणारा. कुणीतरी म्हणालं, "हे नाही. हिले परत पाठवा." आणि ती धपकन अंगात येऊन पडली, बरगड्या ठणकत होत्या.

भातकुलीला, आपल्या गावी आल्यावर तिनं हे सांगितलं, आणि तिथंच फसली. गावाला असल्या गोष्टी पाठ असतात. त्यांत असा अंधाराचा बोगदा क्वचितच असतो. यमदूत असतात आणि चित्रगुप्तानं पकडलेली त्यांची चूक असते. एकाच नावाची भलतीच बाई आणली, मग हिला परत धाडायचं नि खरीला न्यायचं! नवरा पुंजाराम हसत म्हणाला, "दवाखान्यात पलीकडच्या खोलीत दुसरी कौशल्या होती न? थे त्याच दिवशी गेली."

त्याची झाली गंमत, हिच्या घशाखाली घास उतरेना. यमदूत एकदा चुकले, तर दुसऱ्यांदा कशावरून नाही? आपलंच मरण त्या बाईच्या माथी मारलं असेल तर?

दवाखान्यातली डॉक्टर आकांक्षा म्हणाली होती, मेंदूला रक्त कमी पडलं की नजरेच्या कडा आधी विझतात नि मधला उजेड उरतो, असं काही जण मानतात. पूर्ण उलगडा मात्र अजून कुणालाच झालेला नाही. शेजारचे बशीरभाई म्हणाले, "अल्ला नींदेतही रूह, म्हंजे जीव, घेते, भाभी. ज्याचा वक्त नाही त्याची सोडून देते. मेल्यावर रूह जिथं थांबते, त्या बरजखातून कोनी वापस येत नाही. तुमी तिथंवर गेल्याच नाही. आन् अल्लाच्या हातून चूक होत नसते." दोघांचंही पटत होतं, पण जेवण काही जाईना.

शेवटी दवाखान्यातून पत्ता काढून ती बसनं अकोल्याला गेली, त्या मेलेल्या कौशल्याच्या लेकीकडे, आरतीकडे. तिला सगळं सांगून तिनं हात जोडले. "तुही माय माह्यामुळं गेली काय वं?"

आरतीनं तिला खाली बसवलं. "आई जायच्या आधी दोन दिवस दाराकडं पाहून हसत होती. म्हने, माही माय मले घ्यायले आली. तिले कोनी चुकून नाही नेलं, मावशी." मग घाबरत विचारलं, "तुमाले तिथं दिसली काय?"

कौशल्यानं एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. त्याच गोष्टीची तिला भीती वाटायची.

"एक बाई दिसली. पाठमोरी. माह्या पुढं झपझप चालून राहिली होती, माहेरी निघाल्यावानी. मांग वळून नाही पाहलं."

"चालत होती?"

"हो. मले गाठताच नाही आली."

आरतीची नजर कोपऱ्यातल्या चाकाच्या खुर्चीवर गेली. "आईचे पाय गेले त्याले लय वर्सं झाली," ती म्हणाली आणि ओंजळीत तोंड धरून रडता रडता हसू लागली. कौशल्यानं तिला पोटाशी घेतलं.

दुपारी आरतीनं भाकर वाढली. कौशल्यानं दुसरी मागून घेतली.