पिठल्याचा फोटो

माझ्या नणंदेचा माझ्यावर विश्वास नाही आणि माझा तिच्यावर त्याहून नाही. दीपमालाताई आठ दिवसांसाठी अमरावतीहून अकोल्याला आल्या आणि पहिल्याच जेवणाला त्यांनी सासऱ्यांच्या ताटलीत डोकावून नाक मुरडलं. ताटलीत मुगाची खिचडी होती, गुरगुट शिजवून मिक्सरमधून काढलेली.

"आमच्या बाबाले लेकरावानी खाऊ घालून राहिली तू," त्या म्हणाल्या.

माझे सासरे म्हणजे श्रावण गुरुजी. दर्यापूरकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. तीन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, बोलणं जड झालं, पण गिळणं बिघडलं ते बिघडलंच. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे सरकायचा. त्यातून एकदा न्युमोनिया झाला, नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. पुन्हा तसं झालं तर निभावणं कठीण आहे, असं डॉक्टरांनी आम्हाला तोंडावर सांगितलं होतं. ते नऊ दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर मी काढले. ताई रविवारी येऊन सफरचंदं ठेवून गेल्या होत्या.

दवाखान्यात अपेक्षा मॅडम नावाच्या थेरपिस्ट आहेत, बोलण्याचं आणि गिळण्याचं बघतात. त्यांनी मला एक शिस्त घालून दिली होती. नवा पदार्थ केला की भरवण्याआधी ताटलीचा फोटो पाठवायचा, एक वरून आणि एक बाजूने. गाठी आहेत का, मोहरी, जिरं, कढीपत्ता, मिरचीचं साल राहिलंय का, कडेला पाणी सुटलंय का, हे त्या बघायच्या आणि हो किंवा नाही कळवायच्या. त्यांचं उत्तर आल्याशिवाय मी चमचा उचलायची नाही. ताईंना हे नाटक वाटायचं. घरातल्या म्हाताऱ्याला जेवू घालायला परक्या बाईची परवानगी कशाला, असं त्या शेजारणीलाही सांगून आल्या.

चौथ्या दिवशी मी पिठलं करायचं ठरवलं. बाबांना ते फार आवडायचं आणि त्यांनी ते तीन महिन्यांत चाखलं नव्हतं. बेसन दोनदा चाळलं, फोडणीचं तेल गाळून घेतलं, कांदा घातला नाही, गाठ राहू नये म्हणून शेवटी सगळं गाळणीतून काढलं. गरम पिठलं ताटलीत असं पसरलं की मलाच माझं कौतुक वाटलं.

तेवढ्यात ताई त्यांची ताटली घेऊन आल्या. गरम वरणात पोळी कुस्करलेली, वरून तूप. त्यांनीही माझ्याच फोनवरून फोटो काढला आणि मॅडमना पाठवला. खरं सांगते, तो फोटो बघून मला आनंद झाला. पोळीचे तुकडे मधे आणि भोवती वरणाचं पिवळं पाणी, स्पष्ट दिसत होतं. पातळ आणि घट्ट एकाच घासात आले की पातळ आधी घशात पळतं आणि तुकडे तोंडातच राहतात. बाबांसाठी याच्याइतकं वाईट काही नाही.

मॅडमचं उत्तर आलं. वरणपोळी नको, पाणी वेगळं दिसतंय. पिठल्याखाली त्यांनी लिहिलं होतं, "दिसायला गुळगुळीत आहे, गाठ नाही. पण चिकटपणा फोटोत कळत नाही. भरवायच्या वेळी भरलेला चमचा तिरपा करून व्हिडिओ पाठवा. गोळा सहज सुटून पडला तरच द्या."

पिठल्याबद्दलचं मी ताईंना फक्त पहिलं वाक्य वाचून दाखवलं.

मग पेटलं. ताईंनी मॅडमना फोन लावला, तुम्ही फोटोवरून माणसाचं जेवण कसं ठरवता, पोळी मी हाताने बघितली आहे, लोण्यासारखी मऊ आहे. मॅडम शांतपणे समजावत होत्या, ताई ऐकत नव्हत्या. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. मी त्यांच्या बापाला उपाशी मारते, मला त्यांची चव मारायची आहे, मला त्यांच्या पेन्शनचा पुळका आहे. मीही कमी नाही. सफरचंदांपासून सुरुवात केली आणि त्यांच्या आत्याच्या तेराव्याला झालेल्या भांडणापर्यंत गेले. बाबा खुर्चीत ताठ बसलेले होते, पाठीला उशी, गळ्याला नॅपकिन. आम्ही त्यांच्या डोक्यावरून भांडत होतो. पंख्याखाली ताटली तशीच पडून होती.

शेवटी मी जिंकल्यासारखी ताटली उचलली. पिठल्यावर साय धरली होती. ती मी चमच्याने मोडून आत मिसळली. व्हिडिओ मला आठवला होता, अगदी आठवला होता. पण ताईंसमोर चमचा तिरपा धरून पुन्हा परवानगी मागायची लाज वाटली. फोटो पास झाला होता ना.

पहिला घास बाबांनी बराच वेळ तोंडात घोळवला. दुसरा दिला. तिसऱ्याला त्यांनी मान किंचित मागे नेली आणि मी ते हट्ट समजले. मी ताईंकडे बघत होते, कसे खाऊन राहिले बघा, असं डोळ्यांनी सांगत होते.

"थांब," ताई एकदम म्हणाल्या. "त्यायचा आवाज ऐक."

बाबा काहीतरी पुटपुटत होते आणि घशात पाणी साचल्यासारखी घरघर येत होती. खोकला मात्र येत नव्हता. मी चमचा टाकला. त्यांना पुढे वाकवून खोकायला लावलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा खोकला आला. ताई पाणी आणायला धावल्या, मी ओरडून अडवलं. टाळूला पिठल्याचा थर चिकटला होता, खळीसारखा. दिसत होता तेवढा मी ओल्या कापडाने काढला.

मॅडमना फोन लावला. त्यांनी बाबांना आ म्हणायला लावून आवाज ऐकला आणि विचारलं, "फोटो काढला तेव्हा पिठलं गरम होतं. भरवलं कधी?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. आत्ताच, असं म्हणावंसं वाटलं. एवढं एक खोटं मला फार सोपं होतं.

"चाळीस मिनिटांनी," मी म्हणाले. "चमचा तिरपा करून बघितला नाही."

बेसन थंड झालं की घट्ट होतं, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती. मी आयुष्यभर पिठलं करते. आणखी काही देऊ नका, ताठ बसवून लगेच घेऊन या, छाती तपासायला हवी, असं त्या म्हणाल्या. ताई माझा हिशेब करायला तोंड उघडणारच होत्या. मीही उत्तर तयार ठेवलं होतं, भांडण उकरून ताटली कोणी थंड केली ते.

तेवढ्यात बाबांनी हात वर केला, शाळेत पोरं गप्प करायला करत असतील तसा. एकेक शब्द ओढून काढत ते बोलले.

"पह्यलाच घास टायूले चिकटला होता. मले समजलं होतं."

"मंग काहून खाल्ला, बाबा?" ताईंनी विचारलं.

"तुमी भांडून राहिल्या होत्या," बाबा म्हणाले. "म्हटलं, खाऊन घेतो. मंग तरी चूप बसान."

रिक्षा बोलवायला आम्ही दोघी एकदमच उठलो.