शेपूट कुठल्या बाजूला

फोटोतला चेंडू मुका असतो. बॅटच्या कडेपाशी लाल ठिपका, बस्स. तो आला कुठून, गेला कुठे, ते आम्ही कॉमिकवाले वेगरेषांनी सांगतो. रेषा नेहमी चेंडूच्या मागे. त्याला शेपूट ज्या बाजूला लावाल, त्याच्या उलट तो धावतो.

क्लबच्या सेक्रेटरींना हे पक्कं ठाऊक होतं. वार्षिक सामन्याचा फोटो टेबलावर ठेवून म्हणाले, "हॉलमध्ये कायमचं लावायचंय. मी मोठा, बॅट आभाळाला भिडलेली. रेषा अशा काढा, की चेंडू सीमेपार चाललाय."

"पण त्याच चेंडूवर तुम्ही आउट झालात ना?"

"फोटोत तसं लिहिलंय का?"

लिहिलं नव्हतंच. पण फोटोच्या कडेला, यष्ट्यांमागे, हातमोजे घालून झेपावत होती माझी ताई. समोरच्या संघाला अकरावा गडी मिळेना म्हणून घेतलेली, सामन्यातली एकटी बाई. सगळे हसले होते, नि तिने पहिल्याच षटकात सेक्रेटरींचा झेल टिपला होता. त्या झेलाचा दुसरा फोटो नाही.

ताईला सांगितलं तर ती म्हणे, "जाऊ दे गं. उगाच वाकडं कशाला घेतेस? पुढच्या वर्षी घेणार नाहीत मला."

माझं डोकंच फिरलं. जाऊ दे, जाऊ दे करत हिचं सगळंच गेलं, आता झेलही द्यायचा?

बसले. फोटो बाजूने काढलेला होता, मी बघणाऱ्याची नजर उचलून यष्ट्यांमागे नेली, जमिनीला टेकवली, अगदी ताईच्या पसरलेल्या हातांशेजारी. जवळचं ते मोठं, हा नियमच. मोजे अर्धा कागद व्यापून बसले. त्यांच्यामागे ताईचा आवळलेला जबडा नि उडालेली वेणी. सेक्रेटरी दूर, काडीएवढ्या पायांवर. साऱ्या रेषा त्यांच्या बॅटपाशी बारीक सुरू केल्या, मोज्यांकडे येताना जाड केल्या. चेंडू अंगावर येतो असं वाटून मीच मान मागे घेतली.

सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ही अतिशयोक्ती आहे!"

"आहेच. मोजे मोठे केलेत, तुम्ही लहान. पण चेंडू जिथे गेला तिथेच गेलाय."

"हॉलमध्ये हे लागणार नाही!"

"नका लावू. माझी खिडकी मैदानाच्या रस्त्यावरच आहे."

त्याच दुपारी लावलं. मैदानाकडे जाणारे थांबून बघू लागले. कुणीतरी "हे सेक्रेटरी का?" विचारून फिस्सकन हसलंही.

संध्याकाळी शाळेत शिकवून परतताना ताई खिडकीपाशी थांबली. मी दारात गेले. आता ओरडणार, म्हणून उत्तर तयारच ठेवलं होतं.

ती काचेजवळ सरकली. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत.

"खाली माझं नाव नाही टाकलंस?" ती म्हणाली. "टाक. मोठ्या अक्षरात."