पाचूतलं तेल

दयाराम कुवेतहून परतला तो जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र घेऊन. एक्याऐंशी साल होतं, मलकापुरात असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. स्टीलच्या भांड्यात कोमट साबणपाणी भरायचं, दागिना बुडवायचा आणि बटण दाबायचं. पाण्यात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे उठायचे, फुटायचे आणि खाचाखाचांतला मळ बाहेर काढायचे. त्याने आधी आईच्या पाटल्या टाकल्या, मग चांदीचे तोडे. दोन्ही नवे करकरीत होऊन निघाले आणि घरातली सगळी त्या यंत्राच्या प्रेमात पडली.

थोरली सून रुख्मिणी मेहकरच्या सोनाराची लेक. तिने तेव्हाच बजावलं होतं, "भावजी, साधं सोनं-चांदी टाका. हिराही चालते, पण कोंदण घट्ट असलं तरच, नाहीतर खडा निखळून पडते. मोत्याची नथ, पोवळं, लाख भरलेली बोरमाळ, मागं पत्रा लावलेलं कुंदन, पाचू, यातलं काहीच टाकू नका."

"वहिनी, तुमच्या बापाचा धंदा बुडन म्हणून भेव वाटून राह्यला का तुमाले?" दयाराम हसला होता. सासूबाई सत्यभामाबाईही हसल्या.

आज नणंद चंद्रभागाचा साखरपुडा होता. पाहुणे चारला संग्रामपूरहून येणार होते. दोनच्या सुमाराला रुख्मिणी हार-फुलं घेऊन घरात शिरली, तर माजघरातून बारीक गुणगुण ऐकू आली. यंत्र चालू होतं. तिने हातातली टोपली तिथंच टाकली आणि धावत जाऊन वायर उपटली.

"काय टाकलं त्याच्यात?"

"अंगठी," दयाराम म्हणाला. "मळकट दिसून राह्यली होती."

ती पाचूची अंगठी होती. नवऱ्या मुलाच्या आईची, पुष्पाबाईंची. मापासाठी त्यांनी आठ दिवस आधी पाठवलेली. आज तीच चंद्रभागाच्या बोटात जायची होती.

रुख्मिणीने ती चिमट्याने उचलली, कोरडी केली आणि खिडकीपाशी नेली. हिरवा दगड पांढुरका पडला होता. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटल्या होत्या, आणि एक रेघ पार काठापर्यंत गेली होती.

"इतक्यात बिघडली?" सत्यभामाबाईंनी जवळ येऊन विचारलं.

"आत्याबाई, पाचूत आधीपासून चिरा असतात. त्या दिसू नयेत म्हणून त्यात तेल भरतात. यंत्रानं तेल काढलं. आन् ही काठावरची रेघ मले नवी वाटते."

दयाराम उठला, खोबरेल तेलाची बाटली घेऊन आला आणि दगडावर एक थेंब चोळला. रेघा खरंच फिकट झाल्या. हिरवेपणा थोडा परतला.

"झालं! आजचा दिवस निभावते. कोणाले समजणार नाई."

"चार दिवसांत वाळलं का पुन्हा दिसन," रुख्मिणी म्हणाली. "मग ते म्हणतील, पोरीनं फोडली. चंद्रभागाले जन्मभर ऐकावं लागन."

"आन् आज सांगितलं तर सोयरीक मोडन!" सत्यभामाबाई म्हणाल्या. "तू तोंड उघडू नको, रुख्मिणी. माह्या गळ्याची शपथ आहे."

दारात चंद्रभागा उभी होती. तिने सारं ऐकलं होतं. ती वहिनीकडे बघत राहिली.

पावणेचारलाच गाडी आली. चहापाणी झालं. भटजींनी ताट मागितलं. ताटात अंगठी तेलाने चमकत होती. सत्यभामाबाईंची नजर रुख्मिणीवरून हलत नव्हती. ताट पुढं सरकलं तशी रुख्मिणीने ते धरलं.

"पुष्पाबाई, थोडं आत या, माझ्यासोबत."

आत तिने अंगठी फडक्याने पुसली आणि उजेडात धरली. एका दमात सगळं सांगितलं. "तेल सोनार पुन्हा भरून देईन. काठावरची चीर मात्र बुजणार नाई. चूक आमच्या घराची आहे."

पुष्पाबाईंनी अंगठी बराच वेळ निरखली. बाहेरून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

"माह्या सासूची होती ही," त्या म्हणाल्या. "राग आला मले. लय आला. कोणी केलं हे?"

"मीच," दयाराम दारातून म्हणाला. त्याची मान खाली होती. "वहिनीनं मले सांगितलं होतं, टाकू नका म्हणून. मी नाई ऐकलं."

पुष्पाबाईंनी अंगठी पदराच्या टोकात बांधली. मग आपल्या बोटातलं साधं सोन्याचं वळं ओढून काढलं आणि रुख्मिणीच्या तळहातावर ठेवलं.

"हे घाला पोरीले. दगडाचं मी पाहीन, आन् सोनाराकडं हा तुमचा दीर येईन माझ्यासंगं."

साखरपुडा झाला. वळं चंद्रभागाच्या बोटात सैल बसलं, तिने ते मुठीत घट्ट धरलं. सत्यभामाबाई मात्र चार दिवस रुख्मिणीशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी त्या आपली मोत्याची नथ घेऊन तिच्यापुढं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ही कशी पुसायची, ते सांग मले."