तोडलेलं पाणी

पाणी प्यायलं की प्राप्तीच्या डाव्या कुशीत कळ उठते, हे सगळ्यात आधी तिच्या आईच्या, सुचिताच्या ध्यानात आलं. सहा वर्षांची पोर उन्हातून यायची, तांब्या तोंडाला लावायची आणि थोड्या वेळाने गुडघे पोटाशी घेऊन ओकायची. मागच्या वर्षी तळा गावाहून पनवेलच्या मोठ्या इस्पितळात नेली. डाव्या किडनीतून लघवी खाली नेणारी नळी तोंडाशीच आवळलेली निघाली. स्कॅन झाला. डावी त्रेचाळीस, उजवी सत्तावन्न. डॉक्टरांनी उभ्या उभ्या सांगितलं, दोन्हींचं काम जवळपास बरोबरीत आहे, आत्ता ऑपरेशन नको, तीन महिन्यांनी परत स्कॅन करा. परत कशासाठी, ते सांगायला त्यांना सवड नव्हती, बाहेर रांग होती. गरिबाला समजावायची वेळ आली की रांग असतेच.

घरी आल्यावर सुचिताने पाणी तोडलं. सकाळी पेला, सांजेला पेला, शाळेत बाटली बंद. पोर आधी रडली, मग शिकली. कळ गेली, ओकारी गेली. सासू काशीबाई बाजारात सांगत सुटली, डॉक्टरला जमलं न्हाय ते माझ्या सुनेनं केलं. नवरा स्वप्निल टेम्पोवर ड्रायव्हर. ऑपरेशनने पोरीच्या पोटावर वण आला तर पुढं तिच्याशी लग्न कोण करील, ही त्याची धास्ती, तोही त्यातून सुटला. स्कॅनची तारीख गेली. शिमगा गेला, गणपती गेले. न दुखणाऱ्या पोरीला एवढ्या लांब कोण नेतं?

मग हुडहुडी भरून ताप आला, लघवीला आग व्हायला लागली. गावच्या डॉक्टरने तापावर औषध दिलं आणि खडसावून परत पनवेलला धाडलं.

स्कॅनच्या खोलीबाहेर किशोरी नर्सने बाटली पुढे केली, सगळं पाणी संपव म्हणाली. प्राप्तीने आधी आईकडे बघितलं. सुचिताने मान हलवली, तेव्हा कुठे ती प्यायली.

लघवी करवून तिला फळीवर निजवलं. हातातल्या सुईतून औषध गेलं. त्यातून थोडे किरण निघतात, पाठीखालचा कॅमेरा ते मोजतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांत कुठल्या किडनीने रक्तातून किती औषध ओढलं, त्यावरून तिच्या कामाचा वाटा कळतो. पुढे लघवी जोरात सुटायचं इंजेक्शन दिलं, ओढलेलं खाली उतरतं का ते बघायला. आणि प्राप्तीचा चेहरा पिळवटला. तोच, मागच्या वर्षीचा. हलायचं नव्हतं. सुचिता तिचं डोकं धरून उभी राहिली. म्हणजे दुखणं कुठं गेलंच नव्हतं. तहानेखाली दडपलं होतं.

तिसऱ्या प्रहरी बाई डॉक्टरांनी सुचिता आणि स्वप्निल दोघांना आत बसवून पडदा दाखवला. या डॉक्टर नव्या होत्या. उजवीची रेघ चढून उतरली होती. डावीची खालूनच निघाली, हळूहळू चढत गेली आणि शेवटपर्यंत उतरली नाही, औषध आतच अडकून राहिलं होतं.

"डावी सोळा, उजवी चौऱ्याऐंशी."

"उजवी चौऱ्याऐंशी म्हंजे पास की," स्वप्निल म्हणाला.

"हे मार्क नाहीत. दोन्हींचं मिळून काम शंभर धरलं, तर डावीचा वाटा सोळा. वर्षापूर्वी त्रेचाळीस होता. असा वाटा घसरतोय का, तेच बघायला तीन महिन्यांनी बोलावलं होतं. तेव्हाच ऑपरेशन झालं असतं." बाईंनी जुना कागद बाजूला ठेवला. "मधे दुखलं नाही तिला?"

सुचिताने पदर मुठीत धरला. "पाणी तोडलेलं मी. पाणी न्हाय, तर दुखणं न्हाय."

बाईंनी डावीच्या रेघेवर बोट ठेवलं. "किडनी पाण्यावाचून बिघडली नाही. आत तुंबलेल्या लघवीने बिघडली. तुम्ही फक्त तिचं ओरडणं बंद केलंत."

पुढचं त्यांनी एकेक करून सांगितलं. आवळलेला तुकडा कापून नळी पुन्हा जोडायची, याच आठवड्यात. उजवी धड आहे, पोर जगेल. पण सोळाचे पुन्हा त्रेचाळीस होतील अशी आशा धरू नका. उरलंय ते राखायचं. तेही न राहिलं, तर पुढे डावी काढावी लागेल.

बाहेर आल्याबरोबर स्वप्निल पुटपुटला, "आई गावभर सांगत फिरली. आता काय सांगायचं?"

"सांगा, सुनेनं पोरीची किडनी खाल्ली," सुचिता म्हणाली. "आन् तारीख तुमच्या मोबाईलात होती, तेपण सांगा."

तेवढ्यात किशोरी नर्स पाणी घेऊन आली. औषध लघवीतून निघून जायला हवं, आता थोडं थोडं पाजत राहा म्हणाली. सुचिताने पेला बाकावर बसलेल्या लेकीच्या ओठांना लावला. प्राप्तीने दात आवळले. पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर सांडलं.

"पी गो बाय."

पोरीने तोंड फिरवलं. ओठ सुकून पांढरे पडले होते. मग आईला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली,

"न्हाय लागली तहान. मी शहाणी हाय ना?"

वर्षभर 'शहाणी' हाच शब्द सुचिता तिला रोज दोनदा म्हणत आली होती, रिकामा पेला तिच्या हातून काढून घेताना.