पाडव्याच्या पहिल्या बिलाचा नांगर

सकाळी पेढी उघडते न उघडते तोच नारायणशेठ ओट्यावर उभे राहून ओरडले, "रंगराव चोर आहे! बाईच्या नावानं नांगर उचलला अन् परभारे विकला!" हमाल थांबले, सरकीचे गाडीवान थांबले. खामगावच्या बाजारात अशी बातमी दुपारपर्यंत जिनिंगच्या पलीकडे पोचते. रंगराव आमचा वसुलीचा कारकून. तो भिंतीला टेकून उभा होता.

मी हेडमुनीम वामनराव. मला आरडाओरड सहन होत नाही, आणि कागद न पाहता केलेली तर मुळीच नाही. "पोलिसाले बोलवा," शेठ म्हणाले. मी म्हटलं, "दुपारपर्यंत थांबा. कागद पाहू द्या."

तक्रार घेऊन आलेल्या अन्नपूर्णाबाई ओट्यावरच बसल्या होत्या. जानेफळच्या, स्वतः शेती पाहणाऱ्या. नागपूरच्या शेतकी खात्याचा माणूस गावात लोखंडी नांगराचं कौतुक सांगून गेला, म्हणून त्यांनी दिवाळीआधी आमच्याकडून नांगर मागवला होता. सोबतचा जादा फाळ बसला नाही, तो त्यांनी परत पाठवला. फाळाचे चार रुपये यायचे होते. आलं मात्र छत्तीस रुपयांचं मागणीपत्र.

"म्या एकच नांगर नेला," त्या म्हणाल्या. "पैसे रंगरावले रोख देले. हे पाहा पावती."

मी फाळाच्या परताव्यापासून एकेक नोंद तपासत मागे निघालो. फाळाचे चार रुपये जमा झालेले दिसत होते, पण ते बाईंना न देता त्यांच्या खात्यातल्या चाळीस रुपयांच्या बाकीतून वळते केले होते. म्हणून छत्तीस. मग ते चाळीस आले कुठून? भरणा तपासला. जुन्या वहीत दिवाळीआधी नांगर-फाळाचे पैसे पूर्ण जमा होते, पावतीचा नंबर बाईंच्या हातातल्या पावतीशी जुळत होता. रंगरावनं पै न पै भरली होती.

"पाह्यलं?" शेठ म्हणाले. "पहिल्याचे भरले. दुसरा नांगर खाल्ला. बिलं दोन आहेत ना?"

बिलं खरोखरच दोन होती. एक जुन्या बुकात, एक दिवाळीच्या पाडव्याला सुरू केलेल्या नव्या बुकात. पण पोचपावती एकाच नांगराची सापडली. "दुसरी यानंच फाडली असन," शेठ म्हणाले. रंगराव पहिल्यांदा बोलला, "शेठ, माह्या लेकराची आण." शेठनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्या क्षणी शेठची चीड आली.

राहिली होती ऑर्डर. आमच्याकडे बिल झालं की ऑर्डरचं कार्ड तारेत ओवतात. दिवाळीच्या तारेतून मी बाईंचं कार्ड काढलं. त्यांचं एकच होतं. मागणी एकाच नांगराची. पण कार्डाला भोकं दोन होती. म्हणजे ओवलेलं कार्ड कुणीतरी तारेतून काढलं होतं आणि पुन्हा ओवलं होतं.

मी नव्या बिलबुकातली पहिली स्थळप्रत, म्हणजे पेढीत राहणारी नक्कल, उघडायला हात घातला.

"ते पान नको," शेठ एकदम म्हणाले. "पूजेचं आहे."

"पूजेचं असू द्या. बिलाचंही आहे."

पानावर कुंकू वाळलं होतं. बिल नंबर एक, पाडवा, अन्नपूर्णाबाई, नांगर एक, चाळीस. तपशील कार्डावरचाच. अक्षर नारायणशेठचं. पाडव्याला मी गावी असतो, मुहूर्ताचं पहिलं बिल शेठ स्वतः लिहितात. त्या दिवशी नवी ऑर्डर नव्हती, आणि पहिली ओळ कोरी ठेवणं त्यांच्या जिवावर येतं.

"शेठ, हे कार्ड तारेतून कोणी काढलं?"

शेठनी कार्ड हातात घेतलं. "म्याच. नाव चांगलं वाटलं," शेठ पुटपुटले. "अन्नपूर्णा. वर्षाच्या पहिल्या ओळीत अन्नपूर्णा. मंग ते खात्यात चढन, हे ध्यानातच आलं नाही."

रंगरावनं ते बिल पाहून मुकाट खतावलं, बाईंच्या खात्यावर चढवलं होतं. मालकाच्या अक्षरावर कारकून शंका घेत नाही.

"सूट म्हणून लिहून टाका," शेठ म्हणाले. "मुहूर्ताची ओळ खोडू नका."

"खोडत नाही. पण सूटही नाही. उलट नोंद होईल, कारणासकट. बिल चुकून दुबार, आणि खाली तुमची सही."

त्यांनी सही केली. मी बाईंच्या हातावर चार रुपये ठेवले. शेठ रंगरावला म्हणाले, "झालं ना आता? लाग कामाले."

रंगराव हलला नाही. "चोर म्हटलं ते ओट्यावर म्हटलं, शेठ. ही वही कोण वाचते?"

शेठ माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांच्या चपला दाराशी सरकवल्या. ते बाहेर गेले आणि हमालांपुढे खाली मान घालून काहीतरी बोलले.

अन्नपूर्णाबाई पैसे पदरात बांधत होत्या. "मोठ्यानं बोला शेठ," त्या म्हणाल्या. "सकाळी तर मोठ्यानं बोलले होते."

शेठनी घसा खाकरला. "रंगराव चोर नाही," ते ओरडले. "चूक माही आहे!"

आत रंगराव खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला.