एकेचाळीस नंबरची सव्वीस तारीख

ताळमेळकाकांना कुणी नावानं हाक मारल्याला वीस वर्षं झाली असतील. ठेकेदाराच्या ऑफिसात शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना ताळमेळकाकाच म्हणत, आणि काकांनाही ते आवडायचं. माणसाला आपल्या कामाचंच नाव मिळावं यापेक्षा मोठा मान कोणता, असं ते बायकोला सांगत. बायको म्हणे, "मान राहू द्या, पगार वाढवून मागा."

काम होतं कागदाचं. शेठ एका मोठ्या कारखान्याला माणसं पुरवायचे. टाक्या धुणारे, गोण्या उचलणारे, झाडलोट करणाऱ्या बाया, सगळे मिळून त्रेसष्ट. साइटवर सुपरवायझर रोज सकाळी सातला हजेरीपटावर 'ह' नाहीतर 'गै' लिही. महिना संपला की तो पट आणि पगारासाठी केलेली दिवसांची चिठ्ठी ऑफिसात येई. चिठ्ठीवरून पगार वाटला जाई आणि पगारपत्रक भरलं जाई. पट मात्र काकांच्या टेबलावर येऊन पडे. वर्षअखेर कामगार कार्यालयात विवरणपत्र द्यावं लागे: किती माणसं, एकूण किती मनुष्यदिन, किती वेतन, किती कपात. मनुष्यदिन म्हणजे एका माणसाचा एक दिवस. शंभर माणसं एक दिवस कामावर आली काय आणि एक माणूस शंभर दिवस आला काय, विवरणपत्राला दोन्ही सारखेच.

काका प्रत्येक माणसाचे दिवस आडवे मोजत, मग प्रत्येक तारखेची हजेरी उभी मोजत. दोन्ही बेरजा पटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एकच आल्या पाहिजेत. आल्या की तो आकडा पगारपत्रकातल्या भरलेल्या दिवसांशी लावायचा. तोही जुळला की हिरव्या पेन्सिलीनं बरोबरची खूण. कार्यालयात दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतात, फरक दिसला की विवरणपत्र परत येतं आणि पाठोपाठ तपासणी. काकांचं विवरणपत्र वीस वर्षांत एकदाही परत आलं नव्हतं.

कसं येणार? जुळत नसेल तिथे काका जुळवत. पट जास्त दिवस दाखवी आणि पगार कमी, हे नेहमीचंच होतं. सुपरवायझर चिठ्ठी करताना कुणाचा एखादा दिवस गाळायचा, कधी घाईत, कधी मुद्दाम. आता पैसे एकदा वाटले की परत कोण वाटणार? शाई मात्र खरवडता येते. अर्धी ब्लेड, हलका हात, मग त्या जागेवर नखाची पाठ घासायची म्हणजे नवी शाई फुटत नाही. 'ह' जाऊन 'गै' येई. खाली तारखेची बेरीज एकनं कमी, कोपऱ्यात एकूण एकनं कमी. क्वचित चिठ्ठीतच दिवस जास्त असला तर याच्या उलट. झालं. पाप वगैरे त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती चुकीची दुरुस्ती होती.

डिसेंबरात एक बाई ऑफिसात आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत हॉस्पिटलचे कागद. काकांनी पाणी दिलं, कारण शेठ बाहेर होते आणि बाई दारातच उभी राहिली होती.

"काका, माझा माणूस तुमच्याकडं टाकी धुवायला होता. जुलैत शिडीवरनं पडला. तिसऱ्या दिवशी गेला."

कुणीतरी पडल्याचं काकांनी ऐकलं होतं. साइट तासाभराच्या वाटेवर. तिथली माणसं त्यांना क्रमांकांनीच ठाऊक.

"भरपाईचा दावा लावलाय," बाई म्हणाली. "तर शेठ म्हणतात त्या दिवशी तो कामावरच नव्हता. आपल्या मनानं आत घुसला म्हणे. आता सांगा, सकाळी सहाला डबा घेऊन माणूस जातो तो काय फिरायला? बरोबरचा होता तो आता म्हणतो मी बघितलंच नाही. मला फक्त हजेरी दाखवा. सव्वीस तारखेची."

"क्रमांक?"

"एकेचाळीस. त्याच्या बिल्ल्यावर होता."

काकांना तो पट आठवला. एकेचाळीस, जुलै. पटावर बावीस दिवस, पगार एकवीस दिवसांचा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, पंख्याखाली बसून त्यांनी ब्लेड काढली होती. किती सफाईनं केलं होतं ते! स्वतःवरच खूश होऊन त्यांनी वर एक चहा मागवला होता.

"शेठ आल्यावर या, ताई," ते कसेबसे म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी सुपरवायझरला फोन लावला. "जुलैत एकेचाळीसला सव्वीस तारखेचा पगार का नाही धरलास रे?"

"काका, तो दहा वाजताच पडला ना. अर्धा दिवससुद्धा भरला नाही. कसा धरणार?"

काकांनी रागानं फोन आदळला. पण राग कुणावर काढायचा? त्यानं दिवस गाळला, यांनी पुसला.

जानेवारीत विवरणपत्राची वेळ आली. काकांनी बारा पट काढले. जुलैला आले तेव्हा बेरजेआधी थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच आपली चूक सापडावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. सव्वीस तारखेखालची बेरीज बदलायची आपण विसरलो असलो तर? तिथे अजून अठ्ठावन्न असेल आणि वर 'ह' मोजले तर सत्तावन्न भरतील. मग कुणीही विचारेल, एक माणूस गेला कुठे? त्यांनी बोट लावून मोजलं. सत्तावन्न. खाली बघितलं. सत्तावन्न. कोपऱ्यात चौदाशे पंच्याऐंशी, पगारपत्रकात चौदाशे पंच्याऐंशी. शेजारी त्यांचीच हिरवी खूण.

ते शेठकडे गेले. शेठनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि खुर्ची पुढे सरकवली.

"काका, ताळमेळ बसतोय ना?"

"बसतोय. पण खोटा."

"मग झालं तर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची. उगाच आ बैल मुझे मार कशाला?" शेठ हसले. खरं सांगायचं तर त्यांचं हसू वाईट माणसाचं नव्हतं, आणि त्याचाच काकांना जास्त त्रास झाला. विवरणपत्र जुलैचे चौदाशे पंच्याऐंशी धरूनच गेलं.

घरी बायको गुडघ्याला तेल चोळत होती. पगारातून पैसे साठवून त्याचं ऑपरेशन करायचं चाललं होतं. काकांनी तिला सांगितलं. तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"तुम्ही खरं सांगितलं तर त्या बाईला पैसे मिळतील?"

"मिळायला हवेत."

"मग सांगा," ती म्हणाली. "माझं ऑपरेशन काय, पळून जात नाही. हा गुडघा दहा वर्षं दुखतोय, आणखी दोन दुखेल."

भरपाईच्या दाव्याच्या सुनावणीला काका पट, पगारपत्रक आणि विवरणपत्राची प्रत घेऊन गेले. दाखवायचे आणि परत आणायचे, एवढंच काम शेठनं सांगितलं होतं. अधिकारी मॅडमच्या खोलीत दोन कपाटं, एक टेबल आणि फाइलींच्या चळती होत्या. बाई बाकाच्या टोकाला बसली होती, समोर शेठ आणि त्यांचे वकील. मॅडमनी पट पाहिला, पगारपत्रक पाहिलं, विवरणपत्र पाहिलं. तिन्ही एकाच सुरात बोलत होते. सुपरवायझरनंही तो गैरहजर असल्याचं लिहून दिलं होतं.

"मॅडम," काका उभे राहिले, "मला सांगायचंय. त्या दिवशी तो हजर होता. पटावर 'ह' होता. मी खरवडला."

शेठच्या वकिलांनी काकांकडे मान वळवून पाहिलं. बाई उठून उभी राहिली.

"का?" मॅडमनी विचारलं.

"पगाराशी जुळत नव्हतं म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. माझी ती पद्धतच आहे. कागद उजेडाला धरा मॅडम, तिथे पातळ झालेला दिसेल."

मॅडमनी पान खिडकीसमोर धरलं. काका डोळ्यांत प्राण आणून बघत होते. एकेचाळीसच्या ओळीत, सव्वीसच्या खाली, पिवळसर ठिपका उजळला. बाईनं तोंडाला पदर लावला.

मॅडमनी पान जरा हलवलं. मग पेन्सिलीच्या टोकानं त्या मोजू लागल्या. एक इथे, नऊ नंबरला. एक चौदाला. तेवीसला दोन. सगळं पान पिठाच्या चाळणीसारखं उजेड गाळत होतं.

"ही अठरा ठिकाणं आहेत. खालच्या बेरजा मी धरल्याच नाहीत," त्या म्हणाल्या. "बाकीची सतरा काय आहेत?"

"तीही मीच केलेली."

"त्या सतरा जागी आधी काय होतं?"

काकांनी पानाकडे पाहिलं. आठवेना. सतरा जागा, सतरा दिवस, आणि त्यांना एकही आठवेना.

"सांगता येणार नाही, मॅडम."

"मग हे एकच कसं सांगता येतं?"

"कारण या ताई आल्या."

हे बोलल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. वकील शांतपणे उठले. "मॅडम, साक्षीदार स्वतःच सांगतोय की तो नोंदी बदलतो, आणि काय बदललं ते त्याला ठाऊक नाही. या दावेदार बाई ऑफिसात येऊन भेटल्यावर मात्र त्याला आठवलं. याउपर मला काही म्हणायचं नाही."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवला. एकदा काकांना विचारलं, "दुसरा काही कागद आहे? गेटची वही?" गेटची वही कारखान्यानं सहा महिन्यांनी रद्दीत घातली होती. मग त्यांनी लिहिलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. साक्ष विश्वासार्ह नाही. हजेरीपट, पगारपत्रक आणि विवरणपत्र यांत सुसंगती आहे. साक्षीदारानं नोंदींत फेरफार केल्याची कबुली दिल्यानं त्याच्यावर वेगळी कारवाई.

बाहेर जिन्यात शेठ काकांना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." आवाज चढवला नाही.

बाई खालच्या पायरीवर बसली होती. काका तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांना माफी मागायची होती.

"काका," तीच बोलली, "ते बाकीचे सतरा दिवस. ज्यांचे गेले त्यांना ते माहीत आहे का?"

"नाही, ताई."

"कोण होते ते?"

काकांना नऊ नंबर आठवला, चौदा आठवला, तेवीस दोनदा आठवला. एकाचाही चेहरा आठवला नाही.

"मला फक्त क्रमांक येतात," ते म्हणाले.

बाईनं पिशवीतून नवऱ्याचा बिल्ला काढला, त्यांच्या हातात ठेवला आणि चालू लागली. काकांनी तिला हाक मारायला तोंड उघडलं. तेव्हा त्यांना कळलं की एवढ्या दिवसांत आपण तिला तिचं नावही विचारलेलं नाही.