अंगठीचा पिवळेपणा

माजरीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या सत्यशीलाची पांढऱ्या सोन्याची अंगठी दीड वर्षातच पिवळसर पडली. ती नवऱ्याने, लहानूने, नागपूरहून आणली होती. त्याला कुणीतरी फसवलं असावं, असं वाटून ती एकटीच चंद्रपूरला हरिदास सोनाराकडे गेली.

त्याने अंगठी कसोटीवर घासून पाहिली. “सोनं खरंच आहे, बाई. पांढरं सोनं मुळातच थोडं पिवळसर असते. वरून रोडियम या पांढऱ्या धातूचा पातळ मुलामा देतात, तो घासल्या जाते. तुम्ही दिवसभर हात धुता, म्हणून लवकर गेला. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागते. ते काम इथं होत नाई, नागपूरले पाठवू काय?”

लहानूला आपण मनातल्या मनात भोळसट ठरवलं, याची सत्यशीलाला लाज वाटली.

“आज नाई, भाऊ,” ती म्हणाली. “आधी त्याईले सांगतो.”